केशरोपणाची तारीख घेण्याआधी

केशरोपणात, म्हणजे सगळे ज्याला हेअर ट्रान्सप्लांट म्हणतात त्या शस्त्रक्रियेत, एकही नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे लावले जातात, एवढेच. कोकणात भाताची लावणी होते तसे हे आहे: तरव्यातली रोपे उपटून खाचरात लावायची. फरक इतकाच, की इथला तरवा पुन्हा पेरता येत नाही. मागून काढलेल्या केसाच्या जागी दुसरा केस येत नाही, आणि मागचा साठा जन्मभरासाठी एकच असतो. जाहिरात पाहून आगाऊ रक्कम भरायला निघालेल्या मित्राला कोणी खरोखर पत्र लिहिलेच, तर त्यात दर, सवलत आणि मशीनचे नाव यांच्या आधी हा साठा यायला हवा.

मागचे केस पुढे लावून टिकतात कसे, हा प्रश्न रास्त आहे. पुरुषांमधले टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते. कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळे त्याला संवेदनशील असली, की प्रत्येक चक्रात केस थोडा बारीक, थोडा आखूड होत जातो आणि शेवटी लव उरते. कानांच्या वरून मागे जाणाऱ्या पट्ट्यातली मुळे मात्र या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे रोपण्याबद्दल लिहिले होते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी 1950 च्या दशकात दाखवले, की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. सगळे केशरोपण या एका निरीक्षणावर उभे आहे. पण त्याची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. लावलेला केस टिकतो, त्याच्या शेजारचा मूळचा केस मात्र गळतच राहतो. शस्त्रक्रियेने टक्कल पडण्याची प्रक्रिया थांबत नाही.

आता साठ्याचा हिशेब. केस त्वचेतून सुटे उगवत नाहीत. ते एक ते चार केसांच्या पुंजक्यांनी येतात. असा एक पुंजका म्हणजे एक ग्राफ्ट, आणि त्यात सरासरी दोनाहून किंचित जास्त केस असतात. म्हणून ‘पाच हजार केस’ आणि ‘पाच हजार ग्राफ्ट’ यांत दुपटीहून अधिक अंतर पडते. कोटेशनमध्ये कोणता शब्द आहे ते आधी पाहावे, कारण काही ठिकाणी बोलताना एक आणि कागदावर दुसरा वापरतात. मागच्या सुरक्षित पट्ट्याचे क्षेत्रफळ 180 चौरस सेंटीमीटर धरले आणि दर चौरस सेंटीमीटरला 75 पुंजके धरले, तर एकूण 13,500 होतात. यातले सगळे काढता येत नाहीत. साधारण 40 टक्क्यांच्या पुढे गेले की मागचा भाग कसर लागल्यासारखा विरळ दिसू लागतो. म्हणजे हाताशी राहिले सुमारे 5,400. माणसागणिक हा आकडा बदलतो. बहुतेकांचा चार ते आठ हजारांच्या दरम्यान पडतो. तो आपल्या बाबतीत किती, हे डॉक्टरने भिंगातून किंवा कॅमेऱ्यातून मागची घनता मोजल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेल्या फोटोंवरून ग्राफ्टची संख्या सांगणारा समुपदेशक हा पगारी विक्रेता असतो. त्याला कदाचित केसांची माहिती असेलही. पण साठा मोजलेला नसतो.

हा हिशेब एका नमुन्यावर करून पाहू. समजा, पुण्यात नोकरी करणारा एक 27 वर्षांचा तरुण आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले आहेत. टकलाची प्रगती मोजण्यासाठी हॅमिल्टन आणि नॉरवूड यांच्या नावाने सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. हा तरुण तिसऱ्या टप्प्यावर आहे. वडील आणि मामा पन्नाशीत सहाव्या टप्प्यावर होते, म्हणजे कानांवरची झालर सोडता सगळे गेलेले. हा तरुणही तिकडेच जाणार असे गृहीत धरणे शहाणपणाचे, कारण आज रिकामा दिसणारा पुढचा भाग 50 चौरस सेंटीमीटरचा असला, तरी पुढच्या वीस वर्षांत मधला साठ आणि टाळूवरचा सत्तर चौरस सेंटीमीटरचा भागही उघडा पडू शकतो.

क्लिनिक त्याला सुचवते: एकाच दिवसात 3,900 ग्राफ्ट, दाट आणि कॉलेजातल्या फोटोसारखी केशरेषा. आरशासमोर स्केच पेनने रेषा काढली जाते. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून ती सहा सेंटीमीटरवर येते. तरुण खूश होतो. प्रौढ पुरुषाची केशरेषा मात्र साधारण सात-आठ सेंटीमीटरवर किंवा त्याहून वर ठेवतात. रेषा दीड सेंटीमीटर खाली आणली की 14 सेंटीमीटर रुंदीच्या कपाळावर 21 चौरस सेंटीमीटरचा नवा भाग तयार होतो, आणि तोही भरावा लागतो. मग 71 चौरस सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 55 या दाटीने 3,900 ग्राफ्ट संपतात. साठ्यात उरतात 1,500. सदतिसाव्या वर्षी मागचा 130 चौरस सेंटीमीटरचा भाग उघडा पडतो तेव्हा त्याच्या वाट्याला दर चौरस सेंटीमीटरला अकरा-बारा ग्राफ्ट येतात, म्हणजे दिसायला टक्कलच. पुढे दाट पट्टा, मागे मोकळे मैदान आणि त्यामागे झालर, हे चित्र कोणत्याही नैसर्गिक टकलात दिसत नाही. साधे टक्कल पडलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही; असे डोके मात्र लगेच नजरेत भरते.

तोच साठा दुसऱ्या पद्धतीने वापरला तर? केशरेषा साडेसात सेंटीमीटरवर, कोपरे थोडे मागे ठेवलेले, 50 चौरस सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 40 ग्राफ्ट. मूळ दाटी 75 च्या आसपास असते; तिच्या निम्म्याने केस लावले तरी नजरेला विरळपणा जाणवत नाही. यात 2,000 जातात, 3,400 शिल्लक राहतात. पुढे मधला भाग उघडा पडला तर 30 च्या दाटीने 1,800 लागतील. उरलेले 1,600 टाळूवर 22-23 च्या दाटीने बसतील. टाळू विरळच दिसेल, पण सगळे डोके एकाच माणसाचे दिसेल. दुसऱ्या योजनेत क्लिनिकला आज जवळपास निम्मेच पैसे मिळतात. दर ग्राफ्टमागे आकारला जातो, हे लक्षात घेतले की पहिली योजना इतक्या उत्साहाने का सुचवली जाते ते कळते.

या कारणामुळे पंचविशीच्या आतल्या मुलांवर शस्त्रक्रिया करायला जाणकार डॉक्टर नाखूश असतात. टक्कल कुठवर जाणार, हे त्या वयात सांगता येत नाही. आधी वर्षभर औषध घेऊन पाहावे, असे ते सुचवतात. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचे असते; फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची असते. अमेरिकेत ती 1997 मध्ये टकलासाठी मंजूर झाली. ही गोळी डीएचटी कमी करते, त्यामुळे उरलेले केस टिकण्याची शक्यता वाढते. थोड्या पुरुषांना तिच्यामुळे कामेच्छा कमी होणे, शिथिलता, क्वचित उदासी असे त्रास होतात. म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायची नाही. उतारवयात प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी केली तर गोळीमुळे आकडा साधारण निम्मा येतो, हे तपासणाऱ्या डॉक्टरला सांगावे लागते. शस्त्रक्रिया झाल्यावरही मूळचे केस राखायचे असतील तर औषध बहुधा चालूच ठेवावे लागते. ‘एकदा करा, कायमचे विसरा’ असे सांगणारा हा भाग गाळतो.

त्याहूनही आधीचा प्रश्न असा, की केस गळताहेत ते आनुवंशिक टकलामुळेच का. डेंग्यू, टायफॉइड, कोविड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात आणि सहसा काही महिन्यांत आपोआप परत येतात. थायरॉइडचा विकार किंवा लोहाची कमतरता असली तरी केस विरळ होतात. चाई पडली असेल तर शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करत असते. अशा वेळी लावलेले केसही ती सोडत नाही. त्वचेवर व्रण ठेवून केस मारणारे काही आजार असतात. ते सक्रिय असताना रोपण केले तर ग्राफ्ट जातातच, आजारही भडकू शकतो. काही पुरुषांत मागचा ‘सुरक्षित’ पट्टाच बारीक होत चाललेला असतो. त्यांच्या बाबतीत केस आणायचे तरी कुठून, हाच प्रश्न. यातले काही नुसत्या डोळ्यांनी दिसते, काही ट्रायकोस्कोपीत म्हणजे भिंगाच्या कॅमेऱ्यात, तर कधी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. हे निदान डॉक्टरने स्वतः करायचे असते. पहिल्या भेटीत डॉक्टर भेटलेच नाहीत आणि तरीही तारीख मिळाली, तर तिथून उठून यावे.

डॉक्टर कोण, हे तपासणे कठीण नाही. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागावा. तो दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे डॉक्टरांवर बंधनकारकच आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर भारतीय वैद्यक नोंदवही आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची स्वतंत्र नोंद आहे. तिथे नाव, वर्ष आणि पदव्या दिसतात. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, ‘हेअर एक्स्पर्ट’ ही पाटीवरची नावे आहेत, त्यांवरून शस्त्रक्रियेचे शिक्षण कळत नाही. पाहायची ती त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी, अथवा प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या पदवीधरांची नावे या नोंदवहीत नसतात, त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच हे काम करावे, मदतनिसांनी त्याच्या देखरेखीखाली साहाय्य करावे, असे त्यांत आहे. कार्यशाळेत बघून किंवा यूट्यूबवर पाहून हे काम सुरू करणे पुरेसे नाही, असेही आयोगाने स्पष्ट लिहिले आहे. असे लिहावे लागले, यावरूनच बाजाराची कल्पना यावी.

मदतनीस म्हणजे तंत्रज्ञ, आणि ते असणे चूक नाही. ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली निवडणे, मोजणे, थंड द्रावात ठेवणे, डॉक्टरने पाडलेल्या छिद्रांत बसवणे, यात तरबेज तंत्रज्ञ लागतातच. प्रश्न त्वचेला भोक कोण पाडते हा आहे. सध्या प्रचलित असलेल्या एफयूई पद्धतीत सुमारे 0.8 ते 1 मिलिमीटर व्यासाच्या पंचने प्रत्येक पुंजका गोल कापून सोडवतात. त्वचेखाली केस ज्या कोनात वळलेला असतो तो कोन चुकला की मूळ मधूनच कापले जाते. चांगल्या हाताखाली असे कापले जाणारे ग्राफ्ट शेकड्याला पाचाच्या आत राहतात. वाईट हाताखाली किती जातात ते रुग्णाला कधीच कळत नाही, कारण तो पालथा झोपलेला असतो आणि मोजणारे तेच असतात. पुढच्या भागात छिद्रे पाडतानाही तसेच. केसाची दिशा, कोन आणि दाटी त्या छिद्रांतच ठरते. म्हणून विचारायचे प्रश्न दोन: बधिर करण्यापासून पंच मारण्यापर्यंत आणि छिद्रे पाडण्यापर्यंतचे काम कोणाच्या हाताने होणार, आणि त्या दिवशी त्याच डॉक्टरकडे आणखी किती रुग्ण आहेत? 2,000 ग्राफ्ट काढायला तीन-चार तास, छिद्रांना तासभर, बसवायला आणखी तीन तास धरले, तर एका रुग्णात दिवस जातो. एका डॉक्टरच्या नावावर एकाच दिवशी चार रुग्ण असतील तर उत्तर गणितानेच मिळते. इस्तंबूलला स्वस्तात जाऊन येण्याची टूम आहे, तिथेही हाच प्रश्न लागू पडतो. फरक एवढाच, की गडबड झाली तर तक्रारीला पुन्हा विमानाने जावे लागते.

ही शस्त्रक्रिया जिवावर बेतते ती क्वचितच. पण बेतते तेव्हा कारण बहुतेकदा केसांशी संबंधित नसते. ते भुलीत असते, औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेत असते, नाहीतर जंतुसंसर्गात. चेन्नईत 2016 मध्ये 22 वर्षांच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. त्या केंद्राकडे केस कापण्याच्या सलूनचाच परवाना होता, असे चौकशीत समोर आले. मुंबईत मार्च 2019 मध्ये 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत मृत्यू झाला आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय व्यक्त झाला. बातम्यांत एका बैठकीत 9,500 ग्राफ्ट लावल्याचे आले होते. वर मांडलेल्या हिशेबात हा आकडा बहुतेकांच्या जन्मभराच्या साठ्याहून मोठा आहे. केस आणि ग्राफ्ट यांचा घोळ बातमीत झालेला असणे शक्य आहे. पण निम्मा धरला तरी बैठक लांबलचक होती.

बैठक लांबली की काय होते, ते भुलीच्या औषधावरून समजते. डोके बधिर करायला लिग्नोकेन टोचतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते. अशा मिश्रणाची नेहमीची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला सात मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला 490 मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या द्रावात दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे अवघे 24 मिलिलिटर. आधी मागचा पट्टा बधिर करायचा, दुपारी पुढचा, आणि परिणाम उतरला की पुन्हा थोडे, असे करत तास वाढतील तशी मात्रा वाढत जाते. जाणकार डॉक्टर द्राव पातळ करून वापरतो, दोन भागांत पुरेसे अंतर ठेवतो आणि एकूण मात्रा कागदावर लिहीत जातो. मात्रा जास्त झाली की प्रथम ओठ आणि जीभ बधिर होतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानांत गुणगुण होते, बोलणे अडखळते. मग झटके येतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. डोक्यात सुया टोचल्या जात असताना ‘जरा चक्कर आल्यासारखे वाटते’ असे रुग्ण म्हणाला, तर पाणी पाजून कामाला लागणारी टीम आणि हात थांबवून नाडी-रक्तदाब पाहणारी टीम, यांत फार मोठा फरक आहे.

म्हणून शस्त्रक्रियेची खोली बघायला मागणे आगाऊपणाचे नाही. रक्तदाब, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन सतत दाखवणारा मॉनिटर, ऑक्सिजन, शिरेत सुई लावण्याची सोय, अ‍ॅलर्जीसाठी हाताशी अ‍ॅड्रेनलिन, आणि लिग्नोकेनची बाधा झाली तर शिरेतून द्यायचे 20 टक्क्यांचे लिपिड द्रावण, एवढे तिथे असायला हवे. गुंतागुंत झाली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, हे विचारल्यावर उत्तर लगेच आले पाहिजे. मॉलमधला गाळा, सलूनची मागची खोली यांत यातले काही नसते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी हे सगळे डॉक्टरने खोदून विचारले पाहिजे, आणि रुग्णानेही लपवू नये. साखर, रक्त गोठण्याचा वेळ, कावीळ ब आणि क, एचआयव्ही या चाचण्या आधी होतात. चाचणीशिवाय ‘उद्याच या’ म्हणणाऱ्याची सोय रुग्णासाठी नसते.

कागदपत्रांत दोन-तीन गोष्टी नेमक्या असाव्यात. कोटेशनमध्ये ग्राफ्टची संख्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि जीएसटी धरून एकूण रक्कम. केशरोपणाला आरोग्यसेवेची करसवलत नाही. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि आरोग्य विमाही सहसा हा खर्च देत नाही. संमतिपत्र आदल्या दिवशी घरी वाचायला मिळावे, तेही समजणाऱ्या भाषेत. डोके भादरून टेबलावर बसल्यावर पुढे केलेला कागद कोणी वाचत नाही. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे त्याच न्यायालयाने 1995 मध्ये ठरवून दिले. पण तक्रारीला आधार लागतो तो नोंदींचा. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्या देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. ‘शंभर टक्के गॅरंटी’ मात्र कागदावर मागू नये. ती देणारा डॉक्टर व्यवसायाचे नियम मोडतो आहे, इतकेच त्यातून सिद्ध होईल.

आधी-नंतरचे फोटो सगळेच दाखवतात. ते बघायचे कसे, हे महत्त्वाचे. आधीचा फोटो वरच्या झगझगीत दिव्याखाली ओल्या केसांनी आणि नंतरचा मऊ प्रकाशात केस फुगवून काढलेला असेल तर त्याला अर्थ नाही. पुढून विंचरलेल्या फोटोपेक्षा केस मागे ओढून केशरेषा उघडी केलेला फोटो मागावा. रेषेच्या पहिल्या एक-दोन ओळींत एकेका केसाचे ग्राफ्ट लावलेले असतील तर कड धूसर आणि थोडी वेडीवाकडी दिसते; तीन-चार केसांचे पुंजके तिथे लावले की बाहुलीच्या डोक्यासारखे टोचे दिसतात. मागच्या पट्ट्याचा, केस बारीक कापलेला फोटो फार थोडे दवाखाने दाखवतात, आणि साठा कसा वापरला ते नेमके तिथेच दिसते. शक्य असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा रुग्ण प्रत्यक्ष पाहावा. सहा महिन्यांपूर्वीचा पाहून उपयोग नाही.

कारण सहा महिन्यांत निकाल लागत नाही. पहिले तीन-चार दिवस कपाळावर सूज उतरते, कधी डोळ्यांपर्यंत येते. खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात; तोवर लावलेले ग्राफ्ट घासल्याने निघू शकतात. दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत लावलेले केस गळून जातात. इथे बहुतेक जण घाबरून फोन करतात, पण मुळे आत असतात आणि हे अपेक्षितच असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक केस दिसू लागतात, पुढच्या भागाचे चित्र बारा महिन्यांनी स्पष्ट होते आणि टाळूचे कधी दीड वर्षाने. अपेक्षित नसते ते वेगळे: दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत जाणारी ठणक, पू, ताप, लावलेल्या भागाच्या मधोमध काळपट पडत जाणारा डाग. फार दाटीने छिद्रे पाडली किंवा रुग्ण सिगारेट ओढत राहिला तर त्वचेला रक्त पुरत नाही आणि ती मरते. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो. समुपदेशकाच्या मोबाइलवर फोटो पाठवून भागत नाही.

बिघडलेले काम थोडेफार सुधारता येते. टोचे दिसणारे पुंजके काढून, सुटे करून पुन्हा लावता येतात. खूप खाली आणलेली केशरेषा पंचने किंवा लेसरने मागे नेता येते. मागे राहिलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बारीक गोंदण करून ते लपवता येतात, आणि दाढीचे केस थोड्या प्रमाणात साठा म्हणून वापरता येतात, जरी त्यांचा जाडेभरडेपणा केशरेषेत चालत नाही. पंचखाली कापले गेलेले मूळ मात्र परत आणता येत नाही.